थाई मेन्यू वाचताना: मिरची केव्हा पडते ते आधी ओळखा

थायलंडमधल्या छोट्या खाणावळीत परदेशी माणूस बसला की ऑर्डर घेणारी बाई बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारते: "किन फेत दाय माय?" तिखट खाता येतं का? ठेच्यावर वाढलेला आपल्याकडचा माणूस मान डोलावून "दाय" म्हणतो, म्हणजे "येतं". पाच मिनिटांत कच्च्या पपईची कोशिंबीर समोर येते. पहिला घास लिंबाचा, गोडसर, छान लागतो. दुसऱ्या घासाला कानशिलं तापतात आणि तिसऱ्याला ठसका लागतो.

इथे हिशेब चुकतो तो तिखटाच्या प्रकारात. आपल्या रश्श्यातलं तिखट बहुतेक वाळलेल्या मिरचीचं असतं, ते तेलात परतलेलं असतं आणि सोबत कांदा-खोबऱ्याचं वाटण असतं. ठेचाही आपण तव्यावर भाजून, तेल घालून, भाकरीला लावून चिमूट-चिमूट खातो. थाई कोशिंबिरीत लवंगी मिरचीएवढी मिरची कच्चीच ठेचलेली असते. वर लिंबू पिळलेलं असतं आणि तेल जवळजवळ नसतं. मिरचीचा झोंबरेपणा तेला-तुपात विरघळतो, पाण्यात विरघळत नाही. म्हणून तोच झोंबरेपणा इथे काहीच आडोसा नसताना थेट जिभेवर येतो.

मेन्यूवर मिरचीची चित्रं असतील तर त्यांच्यावर फार विसंबू नका. एक मिरची किंवा तीन मिरच्या हे माप ज्या-त्या हॉटेलाचं स्वतःचं असतं, दोन हॉटेलांचं जुळेलच असं नाही. त्यापेक्षा पदार्थाच्या नावातला शिजवण्याच्या रीतीचा शब्द जास्त खरं सांगतो, कारण मिरची केव्हा पडते हे त्यावरून कळतं. तुमच्या ऑर्डरनंतर पडणार असेल तर ती कमी करता येते. सकाळीच वाटणात गेली असेल तर कितीही विनवण्या केल्या तरी ती बाहेर निघत नाही. आणि वेगळ्या वाटीत येत असेल तर किती घ्यायची ते तुमच्या हातात असतं.

आधी अक्षरं नीट लावून घ्या

थाई भाषेत प आणि फ, त आणि थ, क आणि ख हे वेगळे आवाज आहेत. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक ऐकूही येत नाही, आपल्याला तो जन्मापासून येतो. त्यामुळे थाई शब्द मनात देवनागरीत लिहून घेतला की अर्धं काम होतं. थायलंडच्या सरकारी पद्धतीत रोमन अक्षरांपुढे एच असेल तर आवाज महाप्राण असतो: पी-एच म्हणजे फ, टी-एच म्हणजे थ, के-एच म्हणजे ख. हा फ ओठ मिटून काढायचा, 'फळ'मधला. फूकेत बेटाचं नाव याच पद्धतीने लिहिलेलं आहे.

सगळी हॉटेलं ही पद्धत पाळत नाहीत, आणि गोंधळ तिथे होतो. कोंबडी म्हणजे 'काय' आणि अंडं म्हणजे 'खाय'. सरकारी पद्धतीत कोंबडी के-ए-आय आणि अंडं के-एच-ए-आय असं लिहितात. बऱ्याच मेन्यूंवर मात्र कोंबडी जी-ए-आय अशी असते आणि मग के-ए-आय हे अंड्यासाठी उरतं. अंडं न खाणाऱ्याला किंवा कोंबडी न खाणाऱ्याला हा फरक महत्त्वाचा आहे. तो ओळखायला रश्श्याचा शब्द शोधा. 'कॅंग' हा शब्द मेन्यूवर जी ने सुरू होत असेल तर त्या मेन्यूत जी म्हणजे क, आणि के म्हणजे ख. के ने सुरू होत असेल तर के म्हणजे कच.

'काय' म्हणताना सूर खाली ठेवा, सपाट. आपल्या "काय?" सारखा वर चढवला तर समोरच्याला कोंबडी ऐकू येणार नाही.

नाव कसं बांधलेलं असतं

बहुतेक नावांत आधी शिजवण्याची रीत येते, मग चवीचा किंवा मसाल्याचा शब्द आणि शेवटी मांस. 'फत कफ्राव काय' म्हणजे परतलेलं, कफ्राव घातलेलं, कोंबडीचं. 'तोम यम कुंग' म्हणजे उकळलेलं, आंबट-तिखट, कोळंबीचं. भाजलेल्या, तळलेल्या, वाफवलेल्या पदार्थांत मात्र मांस पुढे येतं आणि रीत मागे जाते: 'काय यांग' म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, 'काय थॉत' म्हणजे तळलेली. मांसाचे शब्द थोडेच आहेत. काय कोंबडी, मू डुक्कर, नुआ गाय-बैल, प्ला मासा, कुंग कोळंबी, पू खेकडा, ताव हू म्हणजे टोफू. भाताला खाव म्हणतात.

तम आणि यम: मिरची तुमच्या डोळ्यांदेखत पडते

'तम' म्हणजे उखळात ठेचणं. सोम तम ही कच्च्या पपईची कोशिंबीर याच रीतीची. ती थायलंडच्या ईशान्येकडची म्हणून ओळखली जाते. त्या भागाचं नावच ईसान, आपल्या 'ईशान'वरून आलेलं. गाडीवर एक खोल मातीचं उखळ आणि लाकडी मुसळ असतं. सगळ्यात आधी लसूण आणि मिरच्या उखळात पडतात, दोन-चार घावांत ठेचल्या जातात. मग ताडगूळ, माशाचा खारट अर्क म्हणजे 'नाम प्ला', लिंबू, चवळीच्या लांब शेंगांचे तुकडे, टोमॅटो आणि शेवटी पपईचा कीस.

मिरची पहिल्यांदा पडते, म्हणून सांगायचं ते बाईने मुसळ उचलण्याआधी सांगायचं. इथे "कमी तिखट" म्हणण्यापेक्षा मिरच्यांची संख्या सांगणं चांगलं, आणि स्थानिक लोकही तसंच सांगतात. 'फ्रिक मेत दिआव' म्हणजे एकच मिरची, 'फ्रिक सॉंग मेत' म्हणजे दोन, 'फ्रिक साम मेत' म्हणजे तीन. पहिल्या वेळेला एक सांगा. एक मिरची अख्ख्या ताटलीभर रसात ठेचली गेली की मराठी जिभेला ती व्यवस्थित जाणवते.

अजिबात नको असेल तरी एक गोष्ट उरते. त्याच उखळात आधीच्या गिऱ्हाइकाच्या पाच मिरच्या ठेचलेल्या असतात आणि उखळ दरवेळी धुतलं जातंच असं नाही. त्यामुळे मिरची न घातलेली सोम तमही थोडी झोंबते. लहान मूल सोबत असेल तर त्याला सोम तम देऊच नका, दुसरं काही मागवा.

सोम तमच्या मेन्यूत 'तम थाय' शोधा. त्यात भाजलेले शेंगदाणे आणि सुकी कोळंबी असते, चव गोडाकडे झुकते. 'पू प्ला रा' असे शब्द असतील तर त्यात खारवलेला खेकडा आणि आंबवलेल्या माशाचा दाट रस असतो. तो वास सुकट-बोंबलाच्या घरात वाढलेल्यालाही पहिल्यांदा उग्र वाटू शकतो.

'यम' म्हणजे लिंबाच्या रसात कालवलेली कोशिंबीर: 'यम वुन सेन' ही पारदर्शक शेवयांची. मेन्यूवर कोशिंबीर असं भाषांतर वाचून लोक काकडी-टोमॅटोची अपेक्षा करतात. यमचा रस लिंबू, नाम प्ला, साखर आणि ठेचलेल्या कच्च्या मिरच्यांचा असतो आणि ती मेन्यूवरच्या सर्वांत तिखट पदार्थांत मोडते. ऑर्डर मिळाल्यावर कालवतात, म्हणून मिरची कमी करून मिळते. 'लाप' म्हणजे खिम्याची कोशिंबीर, तिच्यात भाजून भरडलेला तांदूळ, पुदिना आणि सुक्या मिरचीची भरड असते. 'नाम तोक' हा तसाच प्रकार, पण भाजलेल्या मांसाच्या कापांचा. या दोन्हींत भरड मिरची वरून कालवली जाते, त्यामुळे तीही कमी सांगता येते.

फत: परतलेलं, पण परतलेलं कशात

'फत' म्हणजे कढईत मोठ्या आचेवर भराभर परतणं. ही रीत एकटी तिखटाबद्दल काहीच सांगत नाही, तिच्या पुढचा शब्द सांगतो. फत खिंग म्हणजे आल्यासोबत, फत सी इव म्हणजे सोया सॉसमधल्या रुंद नूडल्स, फत प्रिआव वान म्हणजे आंबट-गोड. हे तिन्ही बेताचे. फत थायसुद्धा तिखट नसतं. त्याच्या ताटलीच्या कडेला सुक्या मिरचीची भरड, साखर, शेंगदाण्याचा कूट आणि लिंबाची फोड असे छोटे ढीग येतात. ते सगळं आधीच कालवून टाकू नका. एक घास कोरा खा, मग पाव चमचा भरड घेऊन बघा.

दुसऱ्या बाजूला फत कफ्राव, फत खी माव आणि फत फेत. फत फेत म्हणजे शब्दशः तिखट परतलेलं. ते रश्श्याच्या वाटणात केलेलं असतं, म्हणून त्यात फार काही कमी होत नाही. फत कफ्राव मात्र जरा थांबून बघण्यासारखं आहे. कफ्राव म्हणजे तुळस, आपल्या अंगणातल्या तुळशीचीच जात. लसूण आणि मिरच्या एकत्र ठेचून त्या गरम तेलात पडतात. मिरचीचा वाफारा उठतो तेव्हा कढईजवळचा प्रत्येक माणूस शिंकतो. मग खिमा, मग सॉस, आणि गॅस बंद करताना मूठभर पानं. मिरची ठेचलेली असल्यामुळे ती ताटात वेचून बाजूला काढता येत नाही, पण कढईत पडण्याआधी कमी नक्की करता येते. सोबत 'खाय दाव' मागा. हे तळलेलं अंडं भातावर बसवून देतात आणि त्याच्या बलकाने तिखट बरंच बोथट होतं. अंडं न खाणाऱ्याने भात जास्त घ्यावा.

'फ्रिक' हा शब्द दिसला की घाबरायचं, पण 'फ्रिक थाय' दिसला तर नाही. फ्रिक थाय म्हणजे मिरी. अमेरिकेतून आलेली मिरची १६व्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्यामार्गे या सगळ्या किनाऱ्यांवर पसरली. त्याआधी थाई लोक मिरीलाच फ्रिक म्हणत. नवी मिरची आली, तिने नाव घेतलं, आणि मिरीला 'थाई फ्रिक' म्हणजे देशी फ्रिक म्हणावं लागलं. आपणही मिरीवरूनच मिरची म्हणायला लागलो. त्यामुळे 'थॉत क्रथिअम फ्रिक थाय' हे लांबलचक नाव लसूण-मिरीत तळलेल्या सौम्य पदार्थाचं आहे.

तोम: पातळ, गरम, आणि ठसक्याचं

'तोम' म्हणजे उकळणं. तोम यमच्या भांड्यात गवती चहाचे दांडे, खा नावाचं आल्याच्या जातीचं कंद आणि एका रानलिंबाची जोडपानं उकळतात. ठेचलेल्या मिरच्या आणि लिंबू शेवटी पडतात, म्हणून ताज्या बनवणाऱ्या ठिकाणी मिरची टाळता येते. लालसर तेलाचा तवंग पाहून घाबरू नका. तो भाजलेल्या मिरचीच्या गोडसर चटणीचा रंग असतो, खरं तिखट वाडग्यात तरंगणाऱ्या छोट्या फुटलेल्या मिरच्यांत असतं. त्या चमच्याने बाजूला काढून बशीत ठेवा. गवती चहा, खाच्या चकत्या आणि पानंही खायची नसतात, ती आपल्या मसालेभातातल्या तमालपत्रासारखी बाजूला काढायची.

एक साधी चूक म्हणजे गरम तोम यम आवाज करत ओढून पिणं. वाफेबरोबर मिरची घशात जाते आणि ठसका थांबत नाही. चमचा तोंडात नेऊन हळू रिकामा करा. 'नाम खोन' म्हणजे दुधाळ तोम यम, तो 'नाम साय' या पारदर्शक प्रकारापेक्षा जिभेला सोपा जातो. त्याहून सोपं 'तोम खा काय': नारळाच्या दुधातली, खा घातलेली कोंबडीची आमटी. मिरची असली तरी नारळाची स्निग्धता तिला सावरते.

कॅंग: इथे विनंती चालत नाही

'कॅंग' म्हणजे रस्सा, आणि शेवटचा ग फक्त नाकात ठेवायचा. मिरची, लसूण, गवती चहा, खा आणि सुकवून आंबवलेल्या कोळंबीचा 'कपि' नावाचा गोळा हे सगळं एकत्र वाटलेलं असतं. हे वाटण आधीच तयार असतं. तुम्ही "माय फेत", म्हणजे तिखट नको, म्हणालात तर स्वयंपाकी जास्तीत जास्त नारळाचं दूध वाढवेल. म्हणून कॅंगमध्ये तिखट कमी करून मागण्यापेक्षा सौम्य जात निवडावी.

सौम्य जाती दोन-तीन लक्षात ठेवा. 'मत्समन' दालचिनी, वेलदोडा, बटाटा आणि शेंगदाण्याचा दाट रस्सा. मराठी माणसाला त्याचा वास ओळखीचा वाटतो आणि पहिल्या जेवणाला तो सर्वांत योग्य. 'कॅंग करी' हळदीचा पिवळा, तोही बेताचा. 'फनॅंग' दाट, थोडा गोड, मध्यम. आणि 'कॅंग ज्यूत' म्हणजे शब्दशः फिक्का रस्सा: टोफू, कोबी किंवा खिम्याचे गोळे घातलेलं निवळ पाणी, ज्यात मिरची नसतेच. भाषांतरात 'साधं सूप' लिहिलेलं पाहून लोक ते वगळतात, पण टेबलावर एक तरी तिखट पदार्थ असेल तर हा वाडगा मध्ये हवाच.

फसवणारं नाव आहे 'कॅंग खिआव वान', हिरवा रस्सा. खिआव म्हणजे हिरवा आणि वान म्हणजे गोड, म्हणून पाहुणा तो मुलांसाठी मागवतो. इथे वान रंगाबद्दल आहे, नारळाच्या दुधात मिसळून मऊ झालेली हिरवी छटा. वाटण ताज्या हिरव्या मिरच्यांचं असतं आणि तो पुष्कळदा लाल रश्श्याहून जास्त झोंबतो. लाल रश्श्याचं नावच 'कॅंग फेत', तिखट रस्सा, ते निदान लपवत नाही.

आणि तीन नावं पहिल्या खेपेला सोडून द्या. 'कॅंग पा' हा रानातला रस्सा, नारळाचं दूध अजिबात नसलेला. 'कॅंग ताय प्ला' माशाच्या आतड्यांच्या खारवलेल्या अर्काचा, दक्षिणेचा. 'खुआ क्लिंग' हे दक्षिणेचं कोरडं खिम्याचं तिखट, त्यात वाटण रसाशिवाय मांसाला चिकटलेलं असतं. दक्षिण थायलंडचं जेवण म्हटलं की तिखटाचं प्रमाण एक पायरी वर धरा.

जी गोष्ट तिखटाची, तीच शाकाहाराची. नाम प्ला शेवटी पडतो, तो वगळता येतो: 'माय साय नाम प्ला'. कपि वाटणात असतो, तो वगळता येत नाही. मांस काढून टोफू घातलेला कॅंग म्हणून शाकाहारी होत नाही. खात्री हवी असेल तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांचं 'जे' शोधा. जे जेवणात मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं, शिवाय कांदा-लसूणही नसतो. मुळा-बटाट्यासारखे कंद चालतात, मिरचीही चालते, म्हणून जैन पाहुण्याने कंदांचं वेगळं विचारावं. 'मंगसविरत' हा दुसरा शब्द, आपला मांस-विरत. तो मांस टाळतो, पण अंडं असू शकतं.

यांग, थॉत, नुंग: तिखट वेगळ्या वाटीत

निखाऱ्यावर भाजलेलं 'यांग', तळलेलं 'थॉत', वाफवलेलं 'नुंग'. या रीतींमध्ये पदार्थ कोरा येतो आणि तिखट छोट्या वाटीतल्या बुडवायच्या रसात असतं. घाबरलेल्या पाहुण्यासाठी ही सर्वांत सुरक्षित जागा. काय यांगचा तुकडा रसात पूर्ण बुडवू नका, टोक लावून बघा. एक अपवाद मात्र आहे, 'प्ला नुंग मनाव'. वाफवलेला मासा म्हणून तो पथ्याचा वाटतो, पण वर लिंबाच्या रसात चिरलेली लसूण आणि लवंगी मिरच्या पसरलेल्या असतात. मिरच्या इथे चिरलेल्या असतात, ठेचलेल्या नसतात, म्हणून चमच्याने सरकवून मासा खाता येतो. रस तरीही तिखटच.

कुठे बसलात तेही बघा

'आहान ताम संग' असं लिहिलेलं दुकान म्हणजे सांगाल तसं करून देणारं. आहान हा शब्द आपला 'आहार'. इथे कढई तुमच्या ऑर्डरनंतर तापते, म्हणून मिरचीचं बोलणं इथे उपयोगी. 'खाव कॅंग'च्या दुकानात मात्र सकाळीच शिजवलेल्या परातींची रांग असते आणि भातावर तुम्ही दाखवाल ते घालतात. तिथे फक्त निवड करता येते. बोट दाखवून विचारायचं: "फेत माय?"

या 'माय'ने पुष्कळ जण गडबडतात. शब्दाच्या आधी आला तर तो नकार, वाक्याच्या शेवटी आला तर प्रश्न. "माय फेत" म्हणजे तिखट नाही, "फेत माय?" म्हणजे तिखट आहे का? पण विक्रेती "माय फेत" म्हणाली तर ते तिच्या जिभेचं माप असतं. जास्त नेमका प्रश्न असा: "मी फ्रिक माय?" मिरची आहे का? उत्तर "मी" आलं तर आहे, "माय मी" आलं तर नाही.

ऑर्डर देतानाही तेच. "माय फेत" म्हटलं तरी बऱ्याच स्वयंपाक्यांना चवीपुरती एक मिरची घालावीशी वाटते, कारण मिरचीशिवाय तो पदार्थ त्यांना अपुरा वाटतो. अजिबात नको असेल तर "माय साय फ्रिक", मिरची घालू नका. थोडं चालेल तर "फेत नित नॉय", मध्यमाला "फेत क्लांग". "फेत माक", खूप तिखट, हा शब्द चेष्टेतही उच्चारू नका. पुरुषाने शेवटी "ख्रप" आणि बाईने "खा" जोडलं की बोलणं आदराचं होतं. आणि सुरुवातीच्या "किन फेत दाय माय?" ला नुसतं "दाय" न म्हणता "दाय नित नॉय", थोडंसं येतं, म्हणा.

चौघांची एक ऑर्डर

दोन मोठे, एक आजी, एक आठ वर्षांचं मूल, असे चौघं आहान ताम संगच्या दुकानात बसलेत, आणि सगळे मांसाहारी आहेत असं धरू. थाई जेवण सगळ्यांत मिळून खायचं असतं, प्रत्येकाला भात वेगळा आणि बाकी मधोमध.

मुलासाठी 'खाव फत काय', कोंबडीचा परतलेला भात. तो मुळात तिखट नसतो, सोबत येणारी मिरच्यांची वाटी मात्र त्याच्यापासून लांब सरकवा. ती 'फ्रिक नाम प्ला', माशाच्या अर्कात तरंगणाऱ्या चिरलेल्या मिरच्या, आणि दिसायला निरुपद्रवी. आजीसाठी 'कॅंग ज्यूत ताव हू'. मोठ्यांसाठी "खॉ फत कफ्राव काय, फेत नित नॉय, ख्रप". खॉ म्हणजे "द्या". वर खाय दाव दोन. चौथा पदार्थ दुकानात मत्समन असेल तर तो, नसेल तर काय थॉत. सोम तम खायचीच असेल तर शेजारच्या गाडीवरून एक ताटली, "तम थाय, फ्रिक मेत दिआव", आणि सोबत 'खाव निआव', चिकट भात. तो हाताने छोटा गोळा करून रसात टेकवून खातात.

टेबलावर चार डब्यांचा संच असतो: साखर, नाम प्ला, सुक्या मिरचीची भरड आणि मिरच्या घातलेलं व्हिनेगर. तो मुख्यतः नूडल्सच्या सूपसाठी. सूप मुद्दाम कमी चवीचं येतं आणि चव खाणाऱ्याने लावायची असते. आधी कोरं चाखा, मग प्रत्येक डब्यातलं अर्धा चमचा, ढवळून पुन्हा चाखा. भरड सूपात फुगते आणि तिचं तिखट दोन-तीन मिनिटांनी वर येतं, म्हणून लगेच दुसरा अर्धा चमचा घालायची घाई नडते.

एवढं करूनही तोंड भाजलंच तर थंड पाण्याचा ग्लास रिकामा करू नका, त्याने तिखट तोंडभर पसरतं. चिकट भाताचा गोळा चावत राहा, सोबत आलेली कच्ची कोबी किंवा काकडी खा, आणि 'चा येन' मागवा. हा आटवलेल्या दुधाचा गोड थंड चहा, त्यातलं दूध आणि साखर दोन्ही उपयोगी पडतात. डोळे पुसायला हात वर जाईल, पण मिरचीची बोटं डोळ्याला लावू नका. चार-पाच मिनिटांनी धग उतरते. मग तीच ताटली हवी असेल तर तळाचा रस टाळून वरचा पपईचा कीस तेवढा उचला, कारण ठेचलेली मिरची तळाशी बसलेली असते.